भागीदारीतलं भांडण: टक्केवारीआधी काय विचारावं?

“मॅडम, पार्टनरशी बोलायला बसलं की भांडणच होतं. कोर्टात जायचं नाही, पण असं चालूही ठेवता येत नाही. काय करू?”

हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा येतो की एका जोडीची गोष्टच सांगते. नावं बदलली आहेत.

सुहास आणि प्रमोद, शाळेपासूनचे मित्र. लोअर परळच्या गाळ्यात त्यांचा छापखाना, नफ्यात निम्मा-निम्मा वाटा. प्रमोद सकाळी आठपासून मशीनपाशी. सुहास नोकरी सांभाळून गिऱ्हाइकं आणायचा. धंदा अडला तेव्हा सुहासने भांडवलाव्यतिरिक्त सहा लाख घातले. प्रमोद घरखर्चासाठी दरमहा पंचवीस हजार उचलत होता. आता सुहासला साठ टक्के हवे होते, आणि प्रमोद म्हणत होता, “मग मशीन तूच चालव.”

आधी दोघांना वेगवेगळं भेटले. मग एकत्र बैठकीचे नियम ठरवले: एका बैठकीत एकच विषय, फोन बंद, आणि गाळ्यात बसायचं नाही, कारण तिथे कामगारांसमोर कोणीच माघार घेत नाही. प्रत्येकाने आपलं म्हणणं एका पानावर लिहून आणायचं. समोरच्याने ते आपल्या शब्दांत सांगायचं, आणि लिहिणारा “हो, हेच” म्हणेपर्यंत उत्तर द्यायचं नाही.

प्रमोदने सुहासचं पान वाचलं आणि म्हणाला, “याला जास्त हिस्सा पाहिजे.”

“नाही. परत वाच.”

दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा प्रमोद हळू वाचत गेला. “वहिनींचं सोनं गहाण ठेवून तू पैसे आणलेस. आणि आपल्या वहीत त्याची वेगळी नोंदसुद्धा नाही.” थोडं थांबून म्हणाला, “सोन्याचं मला माहीतच नव्हतं रे.”

मग सुहासची पाळी. “तू बारा तास उभा राहतोस, आणि घरखर्चाला पैसे घेतलेस की मी हिशेब विचारतो. तुला चोर ठरवल्यासारखं वाटतं.”

“हो. हेच.”

त्या दिवशी मी टक्केवारीचा विषय काढूच दिला नाही, आणि तो निर्णय बरोबर होता असं आजही वाटतं. माणूस मागतो एक आणि त्याला लागत असतं दुसरं, यावर माझं सगळं काम उभं आहे. इथे तर तीन प्रश्न एकाच टक्केवारीत कोंबले होते. घातलेल्या पैशाचं काय, केलेल्या कामाचं काय, आणि मालकी कोणाची किती? ते सुटे केले की प्रत्येकाला आपापलं उत्तर मिळतं.

कायदाही ते सुटेच धरतो. १९३२च्या भागीदारी कायद्याप्रमाणे करारात वेगळं काही ठरलं नसेल तर नफा समान वाटायचा, भांडवलापेक्षा जास्त दिलेल्या रकमेवर वर्षाला सहा टक्के व्याज, आणि काम करणाऱ्या भागीदाराला पगार नाही. यांचा करार या बाबतीत गप्प होता. म्हणजे सुहासला वर्षाला छत्तीस हजार व्याज मिळायला हवं होतं, आणि प्रमोदच्या श्रमाला करारात जागाच नव्हती.

आकड्यांसाठी तिसरा माणूस लागणार होता. फर्मचे सीए प्रमोदचे नातेवाईक, म्हणून ते नकोत. दोघांनी तीन-तीन नावं स्वतंत्रपणे लिहिली, त्यात एक नाव दोन्हीकडे निघालं. त्या बाईंना दोघांच्या सहीचं पत्र दिलं: तीन वर्षांची वही तपासा, सहा लाख आणि उचल वेगळी दाखवा, निवाडा देऊ नका. फी निम्मी-निम्मी, आणि कोणाही एकाशी खासगी बोलणं नाही, प्रत्येक मेल दोघांना. मदतनीस इथेच बिघडतो. एकाने त्याला चहाला नेलं, की दुसऱ्याच्या लेखी तो संपला.

प्रत्येक बैठकीनंतर तिथेच टिपण व्हायचं: काय मान्य, काय अमान्य, कोणता कागद कोण आणणार. दोघांच्या सह्या. घरी जाऊन लिहिलेलं टिपण पुढच्या वेळी नवं भांडण होतं.

शेवटी वाटा निम्माच राहिला. सहा लाख दरमहा पंचवीस हजारांच्या चोवीस हप्त्यांत परत, उरलेल्या रकमेवर सहा टक्के व्याज. प्रमोदला ठरावीक पगार, वाटणीआधी नफ्यातून. हे पुरवणी करारनाम्यात आलं, कारण करारात नसलेला भागीदाराचा पगार आयकरात खर्च म्हणून धरत नाहीत.

तुम्ही हे करायला बसाल तेव्हा पहिल्या दोन बैठकींत एक गोष्ट पाहा: समोरचा हिशेबाची वही दाखवतो का? वही पाहणं हा भागीदाराचा हक्क आहे. टाळाटाळ होत असेल, खोटी सही किंवा परस्पर वळवलेले पैसे दिसत असतील, तर बैठका थांबवा आणि आधी वकिलाला गाठा.