कंबरेतली सुई आणि सासूबाईंची भीती

"मॅडम, छत्तिसावा आठवडा लागला. पहिलीच वेळ आहे आणि कळांची मला फार धास्ती वाटते, म्हणून एपिड्युरल घ्यायचं मनात आहे. पण सासूबाई म्हणतात, मणक्यात सुई टोचली की कंबर जन्माची जाते, सिझर होतं आणि बाळही गुंगीतच जन्मतं. त्यापेक्षा दंडात एखादं साधं इंजेक्शन घेतलं तर चालेल का?"

मानेवाड्याहून ती सासूबाईंना सोबत घेऊनच आली होती, हे फार बरं झालं. घरातली भीती घरातल्या माणसासमोरच बोलली गेली. मी आधी सासूबाईंनाच विचारलं, कंबर कोणाची गेली? "माझ्या मोठ्या सुनेची. सिझरच्या वेळी सुई देली, तवापासून कंबर धरूनच बसते बाप्पा." मग मी विचारलं, सातव्या-आठव्या महिन्यात तिची कंबर दुखत होती का? त्या जरा थांबल्या. "दुखत होती ना. खाली बसता येत नव्हतं."

गरोदरपणात पोटाचा भार पुढे येतो, सांधे सैल पडतात आणि बाळंतपणानंतर तासन् तास वाकून पाजणं होतं. कंबरदुखी त्यातूनच येते. एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची महिनोन् महिने तुलना केली, तेव्हा जुनाट कंबरदुखीत फरक सापडला नाही. टोचलेली जागा दोन-चार दिवस ठणकते, हे मात्र खरं. शिवाय मोठ्या सुनेला सिझरसाठी दिली होती ती स्पायनलची सुई. तिचं औषध मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात एकदाच सोडतात आणि पाय पूर्ण बधिर होतात. एपिड्युरलमध्ये त्या पाण्याच्या आवरणाबाहेर एक बारीक नळी ठेवतात, सुई काढून घेतात आणि नळीतून औषध थोडं थोडं देत राहतात. मज्जारज्जू वरच संपलेला असतो, म्हणून सुई त्याच्या खालच्या भागात टोचतात.

आता तिचा 'साध्या' इंजेक्शनचा प्रश्न. औषध बाळापर्यंत कोणत्या वाटेने जातं, ते बघितलं की उत्तर सापडतं. ट्रामाडॉल किंवा पेथिडीन दंडात अथवा मांडीत दिलं की ते आईच्या रक्तात मिसळतं आणि वारेतून बाळाकडे जातं. आईला झापड येते, मळमळतं, कळेची धार थोडी बोथट होते, पण कळ राहतेच. इंजेक्शननंतर दोन-तीन तासांतच बाळ जन्माला आलं, तर ते सुस्त असू शकतं, श्वास घ्यायला रेंगाळतं, छातीला लवकर लागत नाही. म्हणून डॉक्टर वेळेचा अंदाज घेऊनच ते देतात आणि बाळाला श्वास देण्याची तयारी जवळ ठेवतात. म्हणजे दोघींना जे निरुपद्रवी वाटत होतं, तेच बाळापर्यंत जास्त पोहोचणारं निघालं. हे ऐकून सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. पुष्कळ जणी म्हणतात, "मला कळा कमी व्हायचं इंजेक्शन दिलं होतं, काही उपयोग झाला नाही." चौकशी केली की ते ड्रोटाव्हेरीन निघतं. ते पिशवीचं तोंड उघडायला मदत व्हावी म्हणून देतात. वेदना थांबवणं हे त्याचं काम नाही. आपल्याला काय टोचतायत, हे विचारायला लाजू नये.

नाकातोंडावर धरायचा वायूही असतो, अर्धा नायट्रस ऑक्साइड आणि अर्धा ऑक्सिजन. मास्क आईने स्वतःच धरायचा, म्हणजे गुंगी आली तर हात आपोआप सैल पडतो. असर व्हायला अर्धा मिनिट लागतं, म्हणून कळेची चाहूल लागताच ओढायला सुरुवात करायची. कळ शिगेला पोहोचल्यावर ओढला तर काही मिळत नाही. चार श्वासांत उतरतो आणि बाळात साठत नाही. आराम मात्र मध्यमच, आणि काहींना गरगरतं. सगळ्याच दवाखान्यांत तो नसतो.

एपिड्युरलचं औषध बहुतेक नसांपाशीच राहतं, बाळाच्या रक्तात अगदी थोडं उतरतं. बाळाला खरा धोका आईच्या बीपीतून येतो. बीपी घसरलं तर वारेकडे रक्त कमी जातं आणि ठोके काही वेळ मंदावतात. त्यामुळे आधी सलाइन लावतात, औषध दिल्यावर सुरुवातीला दर पाच मिनिटांनी बीपी मोजतात आणि बाळाचे ठोके ऐकत राहतात. सिझरचं प्रमाण त्याने वाढत नाही. जोर लावण्याचा वेळ मात्र थोडा लांबतो. पूर्वीच्या तीव्र औषधात बाळ ओढून काढायला चिमटा किंवा व्हॅक्यूम लावायची वेळ जास्त येई, आताच्या पातळ औषधात तो फरक फारसा राहिलेला नाही. हे सांगितल्यावर दोघींना दोन कामं दिली: प्लेटलेट्सचा रिपोर्ट फाइलमध्ये ठेवा, आणि भूलतज्ज्ञ रात्रीही हजर असतात का, हे दवाखान्यात आजच विचारा. दिवसा मिळणारी सोय रात्री दोनला मिळेलच असं नसतं.

अडतिसाव्या आठवड्यात पहाटे तिचं पाणी गेलं. पहिले चार तास तिने चालून काढले. सासूबाईंनी माकडहाडावर तळहाताने जोरात दाबून धरलं, कोमट पाण्याची पिशवी शेकली. तोंड चार सेंटिमीटर उघडलं तेव्हा तिने एपिड्युरल मागितलं. खरं तर सेंटिमीटरची अट नसते, कळा पक्क्या सुरू झाल्या की देता येतं. पाठ मांजरासारखी गोल करून, उशी कवटाळून बसायचं आणि कळ आली तरी हलायचं नाही, एवढंच अवघड गेलं, असं तिने नंतर सांगितलं.

वीस मिनिटांत डावी बाजू शांत झाली, उजवीकडे कळ तशीच राहिली. असं होतं, नळी एका बाजूला सरकलेली असते. ती घाबरून गप्प बसली नाही, लगेच बोलली. भूलतज्ज्ञांनी नळी सेंटिमीटरभर मागे घेऊन पुन्हा औषध दिलं. पुढे बीपी वरचं नव्वदवर आलं आणि बाळाचे ठोके उतरले. तिला डाव्या कुशीवर वळवलं, सलाइन वाढवलं, बीपीचं औषध दिलं. काही मिनिटांत ठोके पूर्ववत झाले. सासूबाई दाराशी उभ्या होत्या. हे होऊ शकतं, असं आधी ऐकलेलं असल्याने त्या कोणावर ओरडल्या नाहीत. लघवीची जाणीव नव्हती म्हणून नळीने लघवी काढावी लागली. जोर लावायला जवळपास दोन तास लागले, व्हॅक्यूम लागला नाही. मुलगी झाली आणि लगेच रडली. अर्ध्या तासात छातीला लागली.

दहाव्या दिवशी तिचा फोन आला, कंबर दुखतेय. मी आधी डोक्याचं विचारलं. बसलं की कपाळ-मान फुटायला लागते आणि आडवं झालं की थांबते, असं डोकं शंभरात एखादीचं दुखतं. सुई त्या पाण्याच्या आवरणाला लागली की तसं होतं. त्यावर उपाय आहे, पण दवाखान्यात जावं लागतं. तसं काही नव्हतं. पाय जड, बधिर, लघवी अडलेली, ताप, टोचल्या जागी सूज? यातलं काही असतं तर त्याच घटकेला पाठवलं असतं. मग विचारलं, पाजताना कशी बसतेस? पलंगाच्या काठावर, पाठ टेकायला काही नाही, बाळाकडे वाकून. मांडीवर दोन उशा आणि पाठीला भिंत, एवढं सांगितलं. मागून सासूबाईंचा आवाज आला, "मोठीलेही सांगते मी, ते बी अशीच वाकून पाजे."