गोळी पेंड संपते ती गिऱ्हाइकामुळे की गाडीमुळे?

"सर, माझं पशुखाद्याचं दुकान आहे, संगमनेर तालुक्यात. गोळी पेंडेची ५० किलोची गोणी हा माझा सगळ्यात जास्त खपाचा माल. तरी दर महिन्या-दीड महिन्याला गोडाऊन रिकामं पडतं आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं. चिडून जास्त माल भरला, तर पावसाळ्यात खालच्या थरातल्या गोण्यांना बुरशी आली. खपाचा काही भरवसाच नाही. किती गोण्या उरल्या की पुढची गाडी मागवायची, एवढंच मला सांगा."

हे गृहस्थ माझ्याकडे आले तेव्हा सोबत विक्रीची वही होती. कारखान्याची बिलं आणायला त्यांना मी दुसऱ्यांदा बोलावलं. मागणी कधी नोंदवायची याचं उत्तर दोन आकड्यांतून निघतं: आठवड्याला खप किती, आणि फोन केल्यापासून माल गोडाऊनमध्ये उतरेपर्यंत दिवस किती. बहुतेक दुकानदारांकडे पहिला आकडा असतो. दुसरा त्यांनी कधी मोजलेलाच नसतो.

आधी वही उघडली. मागच्या १२ आठवड्यांची बेरीज ११३० गोण्या, म्हणजे आठवड्याला सरासरी ९४. त्यांच्या डोक्यातही हाच आकडा पक्का होता. पण दोन आठवड्यांचे आकडे मला खटकले. एकात ६० गोण्या, दुसऱ्यात ६२. बाकी सगळे आठवडे ८४ ते १२१ च्या आत. "या दोन आठवड्यांत काय झालं होतं?" असं विचारलं, तर म्हणाले, "माल संपला होता ना." पहिल्या वेळी चार दिवसच माल होता, दुसऱ्या वेळी पाच.

ही चूक जवळपास प्रत्येक वहीत सापडते. दुकानात माल नव्हता म्हणून जी विक्री झाली नाही, ती वहीत खप कमी अशी उमटते. मग त्या सरासरीवरून मागणी द्यायची, माल पुन्हा कमी पडतो आणि सरासरी आणखी खाली येते. म्हणून असे आठवडे दिवसांच्या हिशेबाने सरळ करून घ्यायचे. त्यांचं दुकान सातही दिवस उघडं असतं. चार दिवसांत ६० गेल्या, म्हणजे दिवसाला १५, आठवड्याला १०५. पाच दिवसांत ६२ गेल्या, म्हणजे आठवड्याला साधारण ८७. एवढी दुरुस्ती केल्यावर बेरीज १२०० झाली आणि सरासरी बरोबर १००.

खपाचा भरवसा नाही, ही त्यांची तक्रारही इथेच तपासता आली. दुरुस्त केलेले बारा आकडे एक्सेलमध्ये घालून त्यांचं प्रमाण विचलन काढलं. सरासरीच्या आसपास आकडे साधारण किती वर-खाली होतात, ते यातून कळतं. उत्तर आलं ११.३ गोण्या. शंभरावर अकरा-बारा गोण्यांचा चढउतार म्हणजे हा खप चांगलाच स्थिर आहे. त्यात नवलही नाही. गाय रोज खाते, आणि पेंड अचानक बदलली तर तिचं पोट बिघडतं, दूध कमी होतं. त्यामुळे शेतकरी ब्रँड सहज बदलत नाही. पण त्याच कारणाने, नाइलाज म्हणून एकदा दुसरी पेंड सुरू केलेलं गिऱ्हाईक लवकर परतही येत नाही.

मग बिलं काढली. त्यांची गाडी दर खेपेला २०० गोण्यांची, म्हणजे १० टनांची. मागच्या चार महिन्यांत अशा आठ गाड्या आल्या होत्या. फोन कधी केला ते मोबाइलच्या यादीत आणि पैसे भरल्याच्या मेसेजमध्ये सापडलं, माल कधी उतरला ते बिलामागच्या हमालीच्या नोंदीत. कारखान्याचा माणूस कायम "चार दिवसांत देतो" असं सांगत आला होता. प्रत्यक्षात आठ गाड्यांना लागलेले दिवस असे: ५, ६, ४, ९, ७, ६, १२, ७. सरासरी सात दिवस. चार दिवसांत आली ती आठातली एकच गाडी. विचलन अडीच दिवसांचं, म्हणजे आठवड्याच्या भाषेत ०.३६.

आता मिनिमम स्टॉक, म्हणजे किती गोण्या उरल्या की फोन करायचा तो आकडा. मागणी दिल्यावर माल येईपर्यंत सरासरी एक आठवडा जातो आणि तेवढ्यात १०० गोण्या विकल्या जातात, म्हणून १०० तर हव्यातच. पण तेवढ्यावर थांबलं तर साधारण निम्म्या वेळा माल कमी पडणार, कारण खप सरासरीपेक्षा जास्त होऊ शकतो आणि गाडीही उशिरा येऊ शकते. त्या फरकापोटी जो जादा माल हाताशी ठेवायचा, तो सेफ्टी स्टॉक. खपाचा चढउतार आणि गाडीचा उशीर हे दोन्ही धरून तो एका ओळीत निघतो:

```
=1.65*SQRT(1*11.3^2 + 100^2*0.36^2)
```

यात 1 म्हणजे माल यायला लागणारे सरासरी आठवडे, 11.3 हा खपाचा चढउतार, 100 ही आठवड्याची सरासरी विक्री आणि 0.36 हा उशिराचा चढउतार. 1.65 हा गुणक १०० पैकी ९५ खेपांना माल पुरावा या हिशेबाने घेतला आहे. उत्तर येतं ६२. शंभर आणि बासष्ट मिळून १६२ गोण्या उरल्या की फोन करायचा.

कंसातले दोन भाग मी त्यांना वेगवेगळे करून दाखवले. पहिला भाग, म्हणजे खपाचा, साधारण १२८. दुसरा, म्हणजे उशिराचा, १२९६. गाडी दर वेळी नेमकी सातव्या दिवशी आली असती, तर सेफ्टी स्टॉक फक्त १९ गोण्यांचा पुरला असता. इतके दिवस दोष ते गिऱ्हाइकाला देत होते आणि गोडाऊन रिकामं पडत होतं ते जवळपास सगळं गाडीमुळे. कागदाकडे बघत म्हणाले, "म्हणजे मी शंभर गोण्या उरल्या की फोन करायचो, तेच कमी पडत होतं." त्यांचा अंदाज असा होता की चार दिवसांत साठएक गोण्या जातील आणि वर चाळीस हाताशी राहतील. चार दिवसांचं ते आश्वासन खरं असतं, तर हिशेब चुकीचा नव्हता.

सूत्राचा आकडा मात्र मी जसाच्या तसा घेतला नाही. ते सूत्र असं धरून चालतं की गाडी जितकी लवकर येऊ शकते तितकीच उशिरा. तसं नसतं. सरासरीच्या आधी आली तर फार तर तीन-चार दिवस आधी येईल, उशिराला मात्र तशी मर्यादा नाही. शिवाय आठ गाड्या म्हणजे नोंदी थोड्याच. म्हणून एक साधी परीक्षा घेतली: गाडीला बारा दिवस लागले होते त्या खेपेला १६२ गोण्या पुरल्या असत्या का? बारा दिवसांची सरासरी विक्री १७१. नऊ गोण्या कमी पडल्या असत्या. तेव्हा १७५ धरायचं ठरवलं, म्हणजे सेफ्टी स्टॉक ७५ गोण्यांचा. आणखी वर जायला मी नको म्हटलं. सगळ्यात जास्त खपाचा आठवडा आणि सगळ्यात उशिराची गाडी एकत्र धरली, तर आकडा २०७ वर जातो. पण हे दोन्ही एकाच वेळी घडणं विरळाच, आणि पावसाळ्यात त्या जादा गोण्या ओल धरतात. बुरशीची पेंड जनावराला घालायची नाही, तिचं विष दुधात उतरतं. तेव्हा तो माल फेकूनच द्यावा लागतो.

पैशाचा हिशेब त्यांनीच मांडला. गोणीला खरेदी साधारण १५०० रुपये, म्हणजे ७५ गोण्यांत १,१२,५०० रुपये अडकणार. कॅश क्रेडिटचं व्याज १२ टक्के धरलं, तर महिन्याला ११२५ रुपये. गोणीमागे त्यांना ४० रुपये सुटतात. आठवड्याला दोन गोण्या नेणारं एक गिऱ्हाईक कायमचं गेलं, तर महिन्याला सव्वातीनशेच्या वर रुपये बुडतात. अशी चार गिऱ्हाइकं गेली की व्याजापेक्षा नुकसान जास्त. मागच्या तीन महिन्यांत तुटलेली सहा घरं त्यांनी तिथेच मोजून दाखवली.

१७५ चा आकडा कागदावर राहिला तर उपयोग नाही, कारण हे गोडाऊनची मोजणी फक्त शनिवारी करत. रविवारी साठा १७५ च्या खाली गेला, तर कळणार पुढच्या शनिवारी, आणि तोवर आणखी ८०-९० गोण्या गेलेल्या असणार. सेफ्टी स्टॉक तिथेच संपला. रोज मोजायला माणूस नाही. म्हणून मागच्या भिंतीलगत, लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर अंतर सोडून, १७५ गोण्यांची थप्पी लावायची आणि तिच्यापुढे जमिनीवर रंगाची रेघ ओढायची असं ठरलं. रोजची विक्री रेघेच्या अलीकडच्या मालातून. तो माल संपला आणि पहिली गोणी रेघेपलीकडून उचलायची वेळ आली की आधी कारखान्याला फोन, मग गोणी.

यात एक धोका आहे. मागची थप्पी तशीच ठेवली तर तोच माल जुना होत जातो. म्हणून नवी गाडी उतरली की उरलेल्या जुन्या गोण्या, सरासरीने ७५ च्या आसपास, रेघेच्या पुढे आणायच्या आणि नव्या २०० पैकी १७५ मागे रचायच्या. हमालांना दोनशेऐवजी पावणेतीनशे गोण्या हलवाव्या लागतात. त्याची जादा हमाली द्यावी, पण हे टाळू नये. बुरशी आलेल्या गोण्या अशाच तळाशी राहिलेल्या होत्या.

आणखी एक सांभाळायचं. कुणी आगाऊ पैसे देऊन गोण्या सांगून ठेवल्या असतील, तर त्या गोडाऊनमध्ये दिसत असल्या तरी आपल्या नाहीत. त्या १७५ मध्ये धरायच्या नाहीत. गावातल्या दूध संस्थेचं असं बुकिंग त्यांच्याकडे महिन्यातून एकदा असतंच.

उशीर कमी करता येईल का, हे सगळ्यात शेवटी पाहिलं, आणि खरी बचत तिथेच होती. नऊ आणि बारा दिवस लागलेल्या दोन्ही मागण्या शुक्रवारी संध्याकाळी दिलेल्या होत्या. कारखान्यात विचारल्यावर कळलं की संगमनेर रस्त्याच्या गाड्यांचं नियोजन गुरुवारी होतं. शुक्रवारची मागणी पुढच्या गुरुवारपर्यंत पडून राहते, आणि त्या गुरुवारीही भरणीला नंबर लागला नाही तर आणखी लांबते. मग त्यांनी रेघ गाठायची वाट न पाहता बुधवारी दुपारी थप्पी बघायची सवय लावली. पुढच्या बुधवारच्या आत रेघ गाठेल असं दिसलं, तर मागणी आणि पैसे त्याच दिवशी. अशाने उशिराचा चढउतार एका दिवसावर आला, तर त्याच सूत्राने सेफ्टी स्टॉक ३० गोण्यांवर येतो, म्हणजे पूर्वीच्या ६२ च्या निम्म्याहून कमी. पण मी त्यांना लगेच रेघ सरकवू दिली नाही. नव्या पद्धतीने निदान सहा-सात गाड्या येऊ द्या, त्यांचे दिवस बिलामागे लिहा, आणि मग नवा आकडा काढू, असं सांगितलं आहे.

तोवर मोसम बदलेल. उन्हाळ्यात हिरवा चारा आटला की पेंडेचा खप वाढतो, पावसात चारा उगवला की उतरतो. १७५ हा आकडा आठवड्याला १०० गोण्यांच्या खपाचा आहे, म्हणजे पावणेदोन आठवड्यांची विक्री. गाड्यांचे दिवस तेच राहिले, तर मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीला पावणेदोनने गुणलं की काम भागतं: खप १३० झाला तर रेघ २२८ वर, ८० वर आला तर १४० वर. महिन्याच्या पहिल्या बुधवारी ती नव्याने ओढायची.