डॅलीचा हिशोब: सर्पदंशाचं एक उदाहरण सोडवून

प्रश्न: एमपीएचच्या पहिल्या वर्षाला आहे. डॅली म्हणजे वायएलएल अधिक वायएलडी, एवढं पाठ आहे. पण मेलेला माणूस आणि आजारी माणूस एकाच बेरजेत कसे बसतात? एखादं उदाहरण सोडवून दाखवाल का?

उत्तर:

बेरीज जमते, कारण दोन्हीकडे आपण माणसं मोजत नाही, वर्षं मोजतो. माणूस लवकर गेला तर जी वर्षं त्याला मिळालीच नाहीत ती वायएलएल. माणूस जगला पण पूर्ण तब्येतीनिशी नाही, तर त्या वर्षांचा जेवढा भाग आजाराने खाल्ला तेवढा वायएलडी. एकदा दोन्ही वर्षांत आले की अधिक चिन्ह टाकायला अडचण नाही. अडचण आहे ती दुसरीकडे. हे दोन भाग काळाकडे वेगवेगळ्या बाजूंनी बघतात, आणि विद्यार्थ्यांच्या बहुतेक चुका तिथेच होतात.

```
DALY = YLL + YLD
YLL  = N × L
YLD  = I × DW × D
```

यात N म्हणजे मृत्यूंची संख्या, L म्हणजे मृत्यूच्या वयात उरलेली वर्षं, I म्हणजे नवे रुग्ण, DW म्हणजे अपंगत्वाचं वजन आणि D म्हणजे त्रासाचा वर्षांतला अवधी. उदाहरणाला सर्पदंश घेऊ. त्यात मृत्यूही आहे, चार दिवसांचा आजारही आहे आणि जन्मभराचं अपंगत्वही. तालुका काल्पनिक आहे आणि रुग्णांचे आकडे हिशोबापुरते मी ठरवलेत. आयुर्मानाचं कोष्टक आणि अपंगत्वाची वजनं मात्र खरी आहेत, जागतिक रोगभार अभ्यासातली.

समजा त्या तालुक्यात वर्षभरात सर्पदंशाने चौघे गेले: १० वर्षांची एक मुलगी, ३५ वर्षांचे दोघे आणि ६० वर्षांचे एक आजोबा. प्रत्येकाची किती वर्षं गेली? इथे कोष्टक लागतं. २०१० च्या अभ्यासातल्या आदर्श आयुर्मान कोष्टकात जन्मताच ८६.०२ वर्षं धरली आहेत. वयाच्या दहाव्या वर्षी उरलेली वर्षं ७६.२७, पस्तिसाव्या वर्षी ५१.५३ आणि साठाव्या वर्षी २७.८१. आता ८६ मधून ६० वजा केले तर २६ येतात, कोष्टक मात्र २७.८१ म्हणतं. हा फरक चुकून आलेला नाही. जो साठीपर्यंत पोहोचला त्याने बालपणाचे, तरुणपणाचे धोके पार केलेले असतात, म्हणून त्याची अपेक्षित मजल ८६ च्या पुढे जाते. थेट वजाबाकी करणारे नव्वदीच्या मृत्यूपाशी अडकतात, कारण उत्तर उणे येतं. तसं उत्तर दिसलं की समजावं, कोष्टक उघडलेलंच नाही.

चौघांची बेरीज: ७६.२७ + ५१.५३ + ५१.५३ + २७.८१ = २०७.१४ वर्षं. हा झाला वायएलएल.

आता जे वाचले त्यांच्याकडे वळू. ८० जणांना विषबाधा झाली, सरासरी १० दिवस दवाखान्यात काढले आणि ते बरे होऊन घरी गेले. विषबाधेच्या अल्पकालीन अवस्थेचं वजन ०.१६३ आहे. ० म्हणजे पूर्ण तब्येत आणि १ म्हणजे मृत्यूइतकी हानी, अशी ही पट्टी असते. ८० × ०.१६३ × १०/३६५ = ०.३६ वर्ष. ऐंशी माणसांचे दहा-दहा दिवसांचे हाल, आणि बेरीज साडेचार महिन्यांच्या आतच! पहिल्यांदा हे पाहिलं की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटतं. चुकलेलं नसतं. अवधी लहान असला की वजन कितीही मोठं असो, गुणाकार छोटाच येतो.

अवधी मोठा झाला की चित्र बदलतं. वीस वर्षांच्या एका मुलाचा पाय घोणसाच्या विषाने सडला आणि गुडघ्याखाली कापावा लागला, असं धरा. कृत्रिम पाय मिळाला नाही तर एक पाय नसल्याचं वजन ०.१७३ आहे. स्थानिक आयुर्मानाप्रमाणे तो आणखी ५० वर्षं जगेल असं मानू. (इथे आदर्श कोष्टक चालत नाही. मृत्यूने काय गमावलं ते आदर्शाशी तुलना करून मोजतात, पण अपंगत्व माणूस प्रत्यक्ष जितकी वर्षं जगेल तितकीच वर्षं भोगतो.) ०.१७३ × ५० = ८.६५ वर्षं. त्याच मुलाला कृत्रिम पाय बसवला तर वजन ०.०३९ होतं आणि हिशोब १.९५ वर उतरतो. मधली ६.७ वर्षं जयपूर फूटसारख्या एका पायाने परत मिळाली. मला या सगळ्या पद्धतीत सर्वांत जवळचा वाटणारा आकडा हाच आहे. चप्पल घालून पुन्हा शेताच्या बांधावर उभा राहिलेला मुलगा कागदावर कसा दिसतो, ते तो सांगतो.

आणखी पाच जणांची बोटं गेली. अंगठा सोडून बोट जाण्याचं वजन फक्त ०.००५. प्रत्येकाची ४० वर्षं धरली तर पाचांचं मिळून १ वर्ष. समजा, त्या मुलाला पाय मिळालाच नाही. मग वायएलडी होतो ०.३६ + ८.६५ + १ = १०.०१, आणि डॅली २०७.१४ + १०.०१ = २१७.१५. यातला पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त भाग मृत्यूंचा आहे. सर्पदंशाचा भार असाच असतो. कंबरदुखी घेतली असती तर उलट झालं असतं, जवळजवळ सगळा भार वायएलडीत गेला असता.

बोटाचं वजन वाचून तुम्ही थबकला असाल तर बरोबरच थबकलात. ही वजनं लोकांना विचारून ठरवली आहेत. २०१० च्या फेरीत बांगलादेश, इंडोनेशिया, पेरू, टांझानिया आणि अमेरिकेतल्या लोकांना दोन काल्पनिक माणसांची थोडक्यात वर्णनं सांगून ‘यांतला जास्त निरोगी कोण’ एवढंच विचारलं, शिवाय इंटरनेटवरही विचारलं. प्रश्न निरोगीपणाचा होता, रोजगाराचा नव्हता. म्हणून विळ्याने भात कापणाऱ्या बाईचं बोट आणि कारकुनाचं बोट इथे सारखंच भरतं. प्रश्न बदलला की वजनही बदलतं, याचा ठळक दाखला अंधत्वाचा आहे. नव्वदच्या दशकात आरोग्यक्षेत्रातल्या मंडळींना वेगळ्या रीतीने विचारून ते ०.६०० आलं होतं, २०१० मध्ये ०.१९५ झालं. अंध माणसाचं जगणं तेवढ्यात तिपटीने सोपं झालं नव्हतं. म्हणून दोन काळांतले डॅली शेजारी ठेवण्याआधी वजनं कुठल्या फेरीतली आहेत ते बघा.

आता काळाचा मुद्दा. वर मी जो हिशोब केला तो नव्या रुग्णांवरचा, म्हणजे यंदा जे घडलं त्याचा पुढचा सगळा भार यंदाच्या नावावर टाकला. २०१० पासून जागतिक अभ्यास वायएलडी वेगळ्या रीतीने काढतो. या वर्षात त्या अवस्थेत जगणारे जितके लोक आहेत, ते गुणिले वजन, बस्स. अवधीने गुणायचं नाही.

```
YLD = P × DW
```

आपल्या तालुक्यात जुन्या-नव्या सर्पदंशांमुळे पाय गमावलेले आणि कृत्रिम पाय न मिळालेले १२ जण आणि बोटं गमावलेले ७० जण राहतात असं धरू. १२ × ०.१७३ = २.०८ आणि ७० × ०.००५ = ०.३५. दहा दिवसांच्या आजाराचे ०.३६ तसेच राहतात, कारण लहान आजारात दोन्ही रीती एकाच जागी येतात. वायएलडी झाला २.७९ आणि डॅली सुमारे २१०. वायएलएल मात्र अजूनही पुढची वर्षं मोजतोच आहे. म्हणजे या रीतीत एक भाग भविष्याकडे बघतो आणि दुसरा चालू वर्षाकडे. ही विसंगती ठाऊक असूनच स्वीकारलेली आहे, कारण सध्या किती लोक त्रासात आहेत हे सर्वेक्षणातून कळतं, पुढची पन्नास वर्षं अंदाजावर जातात.

चूक होते ती दोन रीती मिसळल्या की. १२ × ०.१७३ × ५० केलं तर १०३.८ येतं. ओळखायची खूण सोपी आहे. चालू वर्षाच्या रीतीत बारा माणसं एका वर्षात बाराहून जास्त वर्षं गमावूच शकत नाहीत. वायएलडी माणसांच्या संख्येपेक्षा मोठा आला की अवधी कुठेतरी शिरलाय. मी तपासायला येणाऱ्या प्रबंधांत सर्वांत आधी हेच बघतो.

जुने शोधनिबंध वाचताना आणखी एक ध्यानात ठेवा. १९९० च्या दशकातल्या हिशोबात पुढची वर्षं दरसाल ३ टक्क्यांनी कमी किमतीची धरत आणि तरुण वयाला जास्त भाव देत. फक्त ३ टक्क्यांची सूट लावली तरी आपल्या दहा वर्षांच्या मुलीची ७६ वर्षं सुमारे ३० होतात आणि आजोबांची २८ सुमारे १९. दोघांमधलं अंतर ४८ वर्षांवरून सुमारे ११ वर येतं. २०१० मध्ये या दोन्ही गोष्टी काढून टाकल्या. निबंधात डॅलीपुढे कंसात ३,१ किंवा ३,० असं दिसलं तर ते जुन्या रीतीचे आहेत, आपल्या आकड्याशी लावू नयेत.

शेवटी विदेबद्दल, कारण वजनाच्या तिसऱ्या दशांशावर वाद घालणारे इथे निष्काळजी असतात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० मृत्यू झाले, असा अंदाज मुख्यतः मौखिक शवविच्छेदनातून, म्हणजे घरोघरी जाऊन नातेवाइकांना मृत्यूआधीची लक्षणं विचारून निघाला. दवाखान्यांच्या नोंदींतून तो निघालाच नसता, कारण बरेच लोक दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाहीत. मी एका गावात अशा मुलाखतीला बसलो होतो. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढंच होतं. आईने सांगितलं, पहाटे पोटात दुखतं म्हणाला, मग पापण्या उचलेनात, बोबडं बोलायला लागला, अंगावर चावल्याची खूण काही नव्हती. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते तेव्हा असंच होतं. तो मृत्यू दाखल्यावरून मोजला असता तर हृदयविकारात गेला असता.

आपल्या उदाहरणात दहा वर्षांच्या मुलीची नोंद अशी दुसरीकडे गेली असती तर ७६ वर्षं गेली असती, म्हणजे सबंध वायएलडीच्या सातपटीहून जास्त. तेव्हा तालुक्याचा हिशोब करायला बसाल तर आधी ग्रामपंचायतीची मृत्यूनोंदवही, ग्रामीण रुग्णालयाचं रजिस्टर आणि आशाताईंची वही शेजारी ठेवून एकेक नाव जुळवा, आणि ‘हृदयक्रिया बंद’ लिहिलेल्या तरुणांच्या घरी जाऊन या. गुणाकार त्यानंतर.