एसओपीवर तिघांची तीन मतं, कोणाचं ऐकायचं?

प्रश्न: एमएसच्या अर्जासाठी एसओपीचा, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पजचा, ड्राफ्ट सर, आई आणि मित्राला दाखवला. सर म्हणतात पहिला पॅरा काढ, मित्र म्हणतो तोच बेस्ट आहे, आई म्हणते मार्क्स टाक आणि केटीबद्दल अवाक्षर काढू नकोस. कोणाचं ऐकू?

उत्तर: आधी एक काम कर, तिघांचे शेरे एकाच प्रिंटवर तीन रंगांच्या पेनांनी उतरव, आणि उतरवताना दोन गोष्टी वेगळ्या ठेव, अडलं कुठे आणि त्यावर उपाय काय सुचवलाय. अडलंय ते बहुतेक वेळा खरंच अडलेलं असतं, पण उपाय मात्र ज्याने त्याने आपापल्या परीने सांगितलेला असतो आणि भांडण सगळं उपायांचं असतं.

माझ्या मामेबहिणीचं उदाहरण सांगतो, सिव्हिल झालेली, भूजलात एमएस करायचं होतं, मर्यादा ८०० शब्दांची. तिचा पहिला पॅरा आजीच्या विहिरीवर होता, मे महिन्यात विहीर आटायची, मग टँकर, मग घागरींची रांग, असं जवळजवळ पावणेदोनशे शब्द. सर म्हणाले हे उडव आणि प्रोजेक्टची मेथड लिही. मैत्रीण म्हणाली हेच तर वाचावंसं वाटतं, पुढचा प्रोजेक्टचा पॅरा डोक्यावरून जातो. वरवर पाहिलं तर एकदम उलट, पण रंग एकत्र आल्यावर दिसलं की दोघं एकाच जागी अडलेत, विहीर आणि प्रोजेक्ट यांच्यामध्ये पूलच नाहीये! सरांना विहिरीत विषय सापडत नव्हता आणि मैत्रिणीला प्रोजेक्टमध्ये ही मुलगी.

मग मी तिला विचारलं की त्या विहिरीचं तुला नेमकं कोडं काय होतं, तर ती पटकन म्हणाली, "अरे दादा, आमची आटायची आणि बांधापलीकडच्यांची नाही, असं का?" आता हा प्रश्न खराच भूजलाचा आहे, कारण आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी सगळीकडे सारखं नसतं, ते झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये साठतं, त्यामुळे शेजारशेजारच्या विहिरी वेगळ्या वागतात. तिच्या प्रोजेक्टमध्ये तिने पावसाळ्याआधी आणि नंतर विहिरींची पातळी मोजून हेच तर तपासलं होतं! मग टँकर आणि घागरी गेल्या, विहीर दोन वाक्यांत आली, तिसऱ्या वाक्यात हा प्रश्न आणि चौथ्यापासून मोजणी. सरांना मेथड मिळाली, मैत्रिणीला माणूस मिळाला.

तुझ्या ड्राफ्टमध्ये असा पूल सापडलाच नाही तर सरांचं ऐक, पॅरा काढ, कारण एसओपी वाचणारे त्या डिपार्टमेंटचे प्राध्यापक असतात आणि त्यांच्या सर्वात जवळचा वाचक तुझे सर आहेत. मात्र आधी अर्जातली सूचना नीट वाच, बर्कलीसारख्या ठिकाणी स्वतःच्या जडणघडणीवर वेगळा निबंध मागतात, तिथे घरची गोष्ट त्यात जाते आणि एसओपी मोकळी राहते. मित्राचं मत चांगलं-वाईट यापेक्षा समजलं का यासाठी वापर, म्हणजे त्याला एकदा वाचायला दे, कागद काढून घे आणि विचार मी काय केलंय ते सांग, जिथे तो अडखळेल तिथे वाक्य बदल.

आता आई. मार्क्स टाकू नकोस, ते मार्कशीटवर आहेतच आणि एसओपीतली जागा फुकट जाते. केटी मात्र लपवून लपणार नाही, ती मार्कशीटवर दिसणारच आहे, म्हणून एका सेमिस्टरलाच घसरण असेल आणि त्याला कारण असेल तर एक वाक्य लिही, काय झालं आणि पुढच्या सेमिस्टरला काय मार्क्स पडले, बस. रडगाणं नको. पण ते कारण घरचं असेल, समजा वडिलांचं आजारपण, तर ते लिहायचं की नाही हे आईवडिलांनीच ठरवायचं, तिथे सर आणि मित्र काही म्हणोत. बहिणीच्या बाबतीत मामी नको म्हणाली, तर आम्ही "घरातल्या आजारपणामुळे" एवढंच ठेवलं, कोणाचं, कसलं काही नाही, आणि तेवढ्याने वाक्य पूर्ण झालं.

आणि हो, सर तुझं लेटर ऑफ रेकमेंडेशन देणार असतील तर त्यांचं न ऐकलेलं त्यांच्यापासून लपवू नकोस, फायनल ड्राफ्ट पाठव आणि कुठे काय ठेवलं, का ठेवलं ते दोन ओळींत लिही. नाहीतर तू एसओपीत लिहिणार भूजल आणि सर पत्रात तुझ्या काँक्रीटच्या सबमिशनचं कौतुक करणार, आणि समितीपुढे दोन्ही कागद शेजारी शेजारी असतात. डेडलाइनच्या आधी दोनेक आठवडे तरी पाठव, तेव्हा त्यांच्याकडे अशा पत्रांची रांग लागलेली असते.