रोजचं माप थकलेल्या मंगळवारचं ठेवा

प्रश्न: रोज लिहायची सवय लावायची आहे. महिनाभराचं आव्हान घेतलं तर रोज किती लिहावं? दोनदा सुरू केलं, पण दिवस चुकले की सगळंच सुटतं.

रोज शंभर शब्द, म्हणजे वहीचं साधारण अर्धं पान. आकडा ठरवताना रविवारची निवांत सकाळ डोळ्यांसमोर आणू नका. मंगळवारी रात्री साडेआठला दमून घरी आल्यावर जेवढं लिहून होईल, तेवढंच माप धरा. पंचवीस मिनिटांतही ते पुरं होत नसेल तर साठ करा.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा अमेरिकेत १९९९ साली सुरू झालेल्या नोव्हेंबरच्या आव्हानाचा आकडा उचलला होता. महिन्यात ५०,००० शब्द, म्हणजे रोजचे १,६६७. ते कादंबरीचा खर्डा लिहिणाऱ्यांसाठी होतं, आणि हिशेब इंग्रजीचा. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. इंग्रजीला जिथं तीन शब्द लागतात तिथं आपलं ‘घरात’ एकट्यानं भागवतं. त्यामुळे तोच आकडा मराठीत गाठायला जास्त मजकूर लिहावा लागतो. माझे दोन दिवस चुकले आणि तिसऱ्या दिवशी डोक्यावर ५,००१ शब्द उभे राहिले. त्याच दिवशी मी वही मिटली.

दुसऱ्या वेळी असं आखलं. पहिला आठवडा रोज शंभर शब्द, त्या दिवशी पाहिलेल्या किंवा ऐकलेल्या एकाच गोष्टीवर. बसस्टॉपवर कानावर पडलेलं वाक्य, आईचा मिसळणाचा डबा, असं काहीही. विषय मात्र आदल्या रविवारीच वहीच्या शेवटच्या पानावर सातच्या सात लिहून ठेवा, कारण ‘आज कशावर लिहू’ या विचारातच वेळ सगळा जातो. दुसऱ्या आठवड्यात दीडशे शब्द, रोज एका माणसावर. तिसऱ्या आठवड्यात माप तेच, पण सातही दिवस विषय एकच. तिथं चौथ्या दिवशी सांगण्यासारखं संपल्यासारखं वाटतं, आणि मग लक्षात न आलेले तपशील वर येऊ लागतात. माझ्यासाठी महिन्यातला सगळ्यात कसदार भाग तो होता. २२ तारखेपासून नवं लिहायचं नाही. आधीच्यातले तीन तुकडे निवडा, मोठ्यानं वाचा, जीभ अडखळेल तिथं खूण करा आणि प्रत्येक तुकडा दोनतीन दिवसांत पुन्हा लिहा. हे केलं नाही तर महिनाअखेर हातात नुसत्या सुट्या नोंदी राहतात.

आता चुकलेल्या दिवसांचं. चुकलेले शब्द माफ, ते कधीच भरून काढायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी फक्त तीन वाक्यं लिहायची, त्यातलं पहिलं काल का जमलं नाही ते सरळ सांगणारं. त्याच्या पुढच्या दिवशी नेहमीचं माप. सलग तीन किंवा जास्त दिवस गेले तर आधी शेवटचा लिहिलेला परिच्छेद हातानं उतरवून काढा, म्हणजे सुटलेला धागा सापडतो, मग ती तीन वाक्यं, आणि पुढचे दोन दिवस अर्धं माप. तारीख मागे न्यायची नाही. पुन्हा ‘पहिला दिवस’ धरला की पहिलाच आठवडा परत परत होत राहतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांचा सवयींवरचा एक अभ्यास २०१० साली छापला गेला. त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्यानं फारसा फरक पडला नाही. म्हणून तिसापैकी बावीस दिवस लिहिलं की महिना पुरा झाला असं मी धरतो. आठांहून जास्त चुकले तर कॅलेंडर उघडून बघा: एकाच वारी चुकताहेत का, एकाच वेळेला चुकताहेत का? सुरुवातीला मी रात्री दहानंतर बसायचो. लिखाण सकाळच्या चहाआधी आणल्यावर दिवस चुकणं थांबलं.

दुसऱ्या वेळच्या त्या महिन्यात बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे माझे ९, १० आणि ११ हे तीन दिवस गेले. १२ ला जुना परिच्छेद उतरवला, तीन वाक्यं लिहिली, १३-१४ ला पंच्याहत्तर शब्द, १५ पासून पुन्हा दीडशे. पुढे १८ तारीख चुकली, शेवटच्या आठवड्यात आणखी दोन. एकूण लिहिते दिवस चोवीस, नवा मजकूर जेमतेम १,८०० शब्द. निवडलेल्या तीन तुकड्यांतला एक १२ तारखेच्या तीन वाक्यांतून वाढला: बाबांच्या डोळ्यांत थेंब घालताना ते छताकडे बघत मला माझ्या लहानपणच्या तापाबद्दल सांगत होते, तो.