सर्वनाम सोड, क्रियापद बघ

नमस्कार,

तुझ्या अनुवादाची अमळनेरहून आलेली बारा पानं काल रात्री वाचली. भुसावळला उन्हाने घराच्या भिंती अजून तापलेल्या आहेत, झोप येत नाहीच, म्हणून दोनदा वाचली. तू विचारलंस की इंग्रजीत मुलगा की मुलगी न सांगता एकाच माणसाला लावतात त्या 'दे'ला मराठीत काय लिहायचं, आणि उत्तराची वाट न बघता सगळीकडे 'ते' ठोकून दिलंस. कथेतलं ॲलेक्स एकोणीस वर्षांचं पात्र, कॉलेजात शिकणारं, स्वतःला ना मुलगा म्हणवणारं ना मुलगी. आणि तुझ्या मराठीत काय झालंय बघ: 'ॲलेक्स उशिरा घरी आले. ते थकलेले होते. ते काही म्हणाले नाहीत.' मला तर कोणाचे तरी सासरे लग्नाहून परत आल्यासारखे दिसले.

'दे' म्हणजे 'ते' हे शब्दकोशात ठीक आहे. पण मराठीत 'ते आले' म्हणजे एकतर बरेच पुरुष आले किंवा एक आदरणीय पुरुष आला. बाई असती तर 'त्या आल्या'. म्हणजे लिंग टाळायला घेतलेला शब्दच लिंग सांगतो, वर वय वाढवतो. इंग्रजीचं बरं आहे, तिथे 'दे' 14व्या शतकापासून एकट्या माणसासाठी वापरात आहे, 2019 साली मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने वर्षाचा शब्द म्हणून निवडला तेव्हा लोकांना तो नवा वाटला एवढंच, आणि त्यांचं क्रियापद 'ही', 'शी' कोणाहीसोबत भूतकाळात जसंच्या तसं राहतं. आपलं तसं नाही. आपल्याकडे चुगली क्रियापद करतं. म्हणून सर्वनामाच्या मागे लागू नको, क्रियापद बघ.

आता जरा नीट बघू. 'आला-आली', 'गेला-गेली', 'झोपला-झोपली' इथे कर्ता उघडा पडतो. पण 'ने' लागला की क्रियापद कर्त्याकडे बघतच नाही: ॲलेक्सने दार उघडलं, ॲलेक्सने चहा केला, ॲलेक्सने खुर्ची ओढली. चहा पुल्लिंगी म्हणून 'केला', खुर्ची स्त्रीलिंगी म्हणून 'ओढली', ॲलेक्सचा संबंधच नाही. 'ला' लावलं तरी तेच, ॲलेक्सला भूक लागली, ॲलेक्सला रडू आलं. भविष्यकाळात 'येईल', नकारात 'येत नाही', तिथेही काही कळत नाही. म्हणजे अर्धी भाषा आधीच तुझ्या बाजूने उभी आहे. आणि नाव घेतल्यामुळे 'त्यांनी'चा आदरही चिकटत नाही, एकोणीस वर्षांचं पोर एकोणीसचंच राहतं. 'त्यांनी'ही लिंग सांगत नाही हे खरं, पण मित्र मित्राला 'त्यांनी' म्हणत नाहीत.

तुझीच तीन वाक्यं: 'ॲलेक्सला घरी यायला उशीर झाला. अंगात त्राण नव्हतं. काही न बोलता चहाचं आधण ठेवलं.' सर्वनाम कुठेय? नाहीच. कोणाला चुकल्यासारखं वाटलं का? मराठीत कर्ता गाळला तर कोणी पोलिसात जात नाही, तू मात्र इंग्रजीत आहे म्हणून दर वाक्याला 'ते' घातलंस.

सगळ्यात छळणारा शब्द 'म्हणाला'. संवाद असलेल्या कथेत तो पानाला दहादा येतो आणि दहादा लिंग सांगतो, कारण 'म्हणाला', 'बोलला', 'विसरला', 'शिकला' या रूपांसोबत कर्म असलं तरी कर्त्याला 'ने' लागत नाही. तिथे 'सांगितलं', 'विचारलं', 'म्हटलं' यांच्यावर काम काढ, किंवा बोलणाऱ्याचं नाव न सांगताच बोलणं पुढे जाऊ दे. ॲलेक्स स्वतः बोलतं तेव्हा तर आणखी कठीण, 'मी निघतो' की 'मी निघते'? 'मला निघायला हवं.' 'इथे कंटाळा आला.' झालं.

माझं ऐकशील का नाही माहीत नाही, पण हे मला फुकट कळलेलं नाही. वीसेक वर्षांपूर्वी एका मासिकासाठी कथा केली होती. वरच्या मजल्यावर कोणीतरी राहतं, रात्री जड सामान सरकवल्याचा आवाज, दिसत कधीच नाही, लेखकाने शेवटपर्यंत 'दे' ठेवलेलं. मी पहिल्याच परिच्छेदात 'तो' केलं. जड सामान सरकवतो म्हणजे पुरुषच असणार, असं माझं डोकं. शेवटच्या पानावर दार उघडतं आणि समोर म्हातारी बाई. छापून आल्यावर चोपड्याहून एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं, तिसऱ्या पानावरचा 'तो' शेवटी 'ती' कसा झाला, मुद्रितशोधक झोपला होता का? मुद्रितशोधक बिचारा जागा होता, मीच कथा शेवटपर्यंत न वाचता सुरू केली होती. दोन दिवसांत हवी होती, पानामागे मिळणारे पैसे असे की वाचायला वेगळा दिवस काढणं परवडत नव्हतं. कारण खरं आहे, पण कथेची मी माती केली हेही खरं.

आणि तिथे उपाय घरातच होता. अनोळखी माणसाला मराठी आपणहून नपुंसकात घालते: 'वर कोणीतरी चालत होतं', 'कोण आलंय बघ'. अनोळखी असेपर्यंत हे बिनधास्त वापर. ओळख झाल्यावर मात्र नको. 'ॲलेक्स आलं' हे लेकराला लाडाने चालतं, मोठ्याला हेच लावलं की हिणवल्यासारखं होतं, आणि अशा लोकांना हिणवायला ते वापरलेलं मी स्टँडवर ऐकलंय. वर मीही 'ॲलेक्स बोलतं' लिहून गेलोय, 'पात्र' डोक्यात होतं म्हणून. कथेत असं करू नको.

दुसरा खड्डा 'व्यक्ती'. ती स्त्रीलिंगी, दोन वाक्यांनी नुसतं 'ती' उरतं आणि वाचकाला बाई दिसते. तिसरा खड्डा 'करण्यात आलं', तिथे कथा संपते आणि तहसील कचेरी सुरू होते.

अहिराणीत 'तो जास, ती जास', वर्तमानात क्रियापद एकच, माझी आजी बिनघोर बोलायची. भूतकाळ आला की तिथेही 'ऊना' आणि 'ऊनी' होतंच. पुन्हा क्रियापदच!

हे पत्रही तपास, तू पोरगा की पोरगी हे कुठे सांडलंय का. 'अरे', 'अगं' तेवढं हाताशी येत होतं, ते खोडलं. बाकी 'विचारलंस', 'ऐकशील' हे आपसूक आलं.

आता बाराव्या पानावरचा प्रसंग. मावशी ॲलेक्सला 'ती' म्हणते आणि मैत्रीण चिडून तिला सुधारते. इथे टाळाटाळ चालणार नाही, भांडणच सर्वनामावर आहे. इथे 'ते' ठेव, मैत्रिणीच्या तोंडी, मुद्दाम खटकेल असं: 'ती नाही मावशी, ते. ते आलेत.' इतर अकरा पानांत 'ते' उधळलं नसेल तरच ते इथे खटकेल. अनुवाद झाला की घरात कोणाला तरी वाचून दाखव आणि विचार, ॲलेक्स दिसायला कसं वाटलं. 'तो' किंवा 'ती' असं पटकन उत्तर आलं तर कुठल्या वाक्याने सांगितलं ते शोधून काढ, बहुतेक एखादं 'म्हणाले' किंवा 'थकलेले' राहिलेलं असेल.

पुढची पानं टपालाने पाठव, मोबाईलवर माझे डोळे दुखतात. समासात माझ्या पेन्सिलीसाठी जागा सोड.