भावाचा एक दात आलाच नाही, दुसरा तांदळाएवढा

«सर, मी खानापूर तालुक्यातली. पीयूसी सेकंड इयर सायन्सला आहे. माझा भाऊ अकरा वर्षांचा आहे. समोरच्या दोन मोठ्या दातांशेजारचा त्याचा वरचा उजवा दात आलाच नाही, आणि डावा तांदळाच्या दाण्यासारखा निमुळता आलाय. एक्स-रेत उजवीकडे दात मुळातच नाही असं डॉक्टर म्हणाले. आजी म्हणते, तिसऱ्या वर्षी पायरीवरून पडला त्याने झालं. हे का होतं ते शिकायला बीडीएस करावं का?»

आजींना सांग, पडण्याने हे झालेलं नाही. दातांच्या वेळापत्रकावरूनच ते कळतं.

दाताची सुरुवात हाडात होत नाही, तोंडाच्या अस्तरात होते. गर्भ सहा आठवड्यांचा असताना पुढे जिथे हिरडी येणार तिथे अस्तराची एक पट्टी आत खचते. तिच्यावर ठिकठिकाणी पेशींची गाठ फुगते, ती कळी. कळीभोवतीच्या मऊ पेशी दाटतात, कळीचं टोक आत वळतं आणि तिची टोपी होते. टोपीच्या मध्यावर पेशींचा एक छोटा गड्डा तयार होतो, त्याला एनॅमल नॉट म्हणतात. तो स्वतः वाढत नाही, पण आजूबाजूच्या पेशींनी कुठे आणि किती वाढायचं याचे संकेत देतो. मग टोपी खोल होत जाऊन घंटा बनते. घंटेच्या आतल्या पडद्याला जशी वळणं पडतात, तोच दाताच्या माथ्याचा साचा. साचा ठरल्यावर आतल्या पेशी आधी डेंटिन, म्हणजे दाताचा आतला कठीण थर, घालतात आणि त्यावर घंटेच्या पेशी एनॅमल चढवतात.

भावाच्या त्या कायमच्या दाताची कळी आईच्या पोटात, पाचव्या महिन्याच्या सुमारास, दुधाच्या दाताच्या टाळूकडच्या बाजूला फुटायला हवी होती. कठीण थर पडायला सुरुवात होते बाळ १० ते १२ महिन्यांचं असताना. म्हणजे दात असणार की नाही आणि त्याचा आकार कसा, हे तो पायरीवरून पडण्याच्या कितीतरी आधी ठरून गेलं होतं. तिसऱ्या वर्षी मार बसला असता तर तेव्हा थर घालत असलेल्या पेशी दुखावल्या असत्या. त्याची खूण वेगळी असते: एनॅमलवर पांढरा-पिवळा डाग, खड्डा, किंवा वाकलेला माथा, आणि तोही मार लागलेल्याच बाजूला. दात नेटका पण छोटा, आणि दोष दोन्ही बाजूंना, असं दिसलं की घराण्यातलं कारण आधी मनात येतं. आई-वडिलांच्या, मामा-काकांच्या तोंडात असाच एखादा दात आहे का, ते विचारून बघ.

आता एका बाजूला नाहीच आणि दुसऱ्या बाजूला बारीक, हे कसं? मला इथेच हा विषय सर्वांत सुंदर वाटतो. हे दोन वेगळे आजार नव्हेत, एकाच उणिवेच्या दोन पायऱ्या आहेत. कळीत पेशी फारच कमी पडल्या तर ती टोपीपर्यंत पोचत नाही आणि विरून जाते. जेमतेम पुरल्या तर घंटा होते, पण लहान, आणि तिच्यात पडणारा साचा शंकूसारखा. उंदरांत एमएसएक्स-१ किंवा पॅक्स-९ हे जनुक काढून टाकल्यावर दाढांची वाढ कळीपाशीच थांबलेली दिसली. माणसांतही या जनुकांच्या दोषाने दात कमी येतात, पण त्यात बहुधा दाढा आणि उपदाढा येत नाहीत. फक्त हा बाजूचा दात नसेल तर एकाच जनुकावर बोट ठेवता येत नाही.

करिअरचं बोलण्याआधी एक काम. वरचा सुळा खाली येताना या बाजूच्या दाताच्या मुळाच्या आधाराने घसरतो. मूळ नसलं किंवा आखूड असलं तर सुळा टाळूकडे भरकटून हाडात अडकण्याची शक्यता वाढते. भावाच्या वरच्या ओठाआड, हिरडीवर, सुळ्याच्या जागी बोट फिरव. अकराव्या वर्षी दोन्हीकडे टणक फुगवटा लागायला हवा. लागला नाही, किंवा एकाच बाजूला लागला, तर दात सरळ करणाऱ्या, म्हणजे ऑर्थोच्या, डॉक्टरांकडे न्या. या वयात दुधाचा सुळा काढून कधीकधी वाट मोकळी करता येते, उशीर झाला की ऑपरेशन करून ओढावा लागतो. बारीक दात भरून नीट आकाराचा करता येतो. उजवीकडची जागा तारेने बंद करायची की राखून ठेवायची, हे सुळा कुठे आहे ते पाहून ठरेल. इम्प्लांट मात्र जबड्याची वाढ पूर्ण झाल्यावरच.

बीडीएस चार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. प्रवेश नीटवर, कर्नाटकातल्या जागा केईएमार्फत. बेळगावातच केएलई आणि मराठा मंडळ अशी दोन डेंटल कॉलेजं आहेत. तुला हवा तो विषय पहिल्याच वर्षी येतो, दंतरचना, भ्रूणशास्त्र आणि ऊतिशास्त्र मिळून. पुढे एमडीएसला तीन वाटा तुझ्या प्रश्नाला लागून आहेत. कळी का विरते हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं असेल तर ओरल पॅथॉलॉजी, पण तिथे रुग्ण कमी आणि नोकऱ्या बहुतेक कॉलेजांतच. भावासारख्या मुलांवर उपचार करायचे असतील तर लहान मुलांच्या दातांची शाखा, पेडो; जागा आणि सुळ्याचा हिशेब करायचा असेल तर ऑर्थो. तुझ्या पत्रात ‘का होतं’ हे भावाच्या काळजीइतकंच ठळक आहे, म्हणून पॅथॉलॉजी आत्ताच वगळू नकोस. पहिल्या वर्षी घंटेची स्लाइड भिंगाखाली बघ. तिच्यासमोर तासभर रमलीस तर मला पुन्हा लिही.